पट्टीवर भाव १,७८०, शेतकऱ्याच्या हाती किती? मक्याच्या एका हिशोबपट्टीचा उलगडा

बोरीकाठ
राम राम मंडळी. गावातल्या एका शेतकऱ्याची मक्याची हिशोबपट्टी समोर घेऊन बसलो आहे. नाव, गाव, बाजार समिती सांगत नाही, कारण प्रश्न एका समितीचा नाही. आकडे मात्र पट्टीवरचे जसेच्या तसे देतो.

माल ४२ प्लास्टिकचे कट्टे. घरून निघताना गावातल्या काट्यावर कट्ट्यांसकट वजन २,३३१ किलो. बाजारात लिलावाला भाव निघाला क्विंटलला १,७८० रुपये. पट्टीवर निव्वळ वजन लावलं २२ क्विंटल ३३ किलो, म्हणून मालाची रक्कम ३९,७४७ रुपये. त्यातून हमाली ३७८, तोलाई ८४, अडत १ टक्क्याने ३९७ आणि ‘इतर’ ६० अशी ९१९ ची कपात. हातात आले ३८,८२८.

त्याशिवाय ट्रॅक्टरचं भाडं जाऊन-येऊन १,९०० आणि घरी कट्टे भरायला, ट्रॉलीत चढवायला दोन माणसांचे ४००. हे पट्टीवर कुठेच नाही, पण गेले त्याच्याच खिशातून.

त्याच दिवशी गावात खेडा खरेदीवाला दारात येऊन १,६०० देत होता. आता प्रश्न असा की बाजारात नेऊन फायदा झाला की तोटा? आणि १,७८० पैकी खरोखर किती पडले?

पांझरा
आधी ते ‘इतर ६०’ काय आहे ते विचारा. नाव नसलेली कपात पट्टीवर चालत नाही. हमाली, तोलाई म्हणा, चाळणी म्हणा, पण नाव पाहिजे.

गिरणाकाठ
अडत कशी काय कापली? २०१६ साली सरकारने शेतकऱ्याकडून अडत घेणं बंद केलं आहे. खरेदीदाराने द्यायची असते. ते ३९७ रुपये सरळ परत मागा.

हिशोबनीस
गिरणाकाठ, तुमचं अर्धं बरोबर आहे. २०१६ च्या जुलैमधला तो निर्णय फळं आणि भाजीपाल्याचा होता, कांदा-बटाटा त्यात आले. मका धान्यात मोडतो. धान्याची अडत कुणी द्यायची आणि किती, हे त्या-त्या बाजार समितीच्या उपविधीत बघावं लागतं. समितीच्या कार्यालयात दरांचा फलक असतो, त्यावर अडत, हमाली, तोलाई प्रत्येकी कुणाकडून आणि किती ते लिहिलेलं असायला हवं. फलकाचा फोटो काढा आणि पट्टीशेजारी ठेवा, तेव्हाच बोलता येईल. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी: बाजार फी म्हणजे सेस खरेदीदाराचा. तो शेतकऱ्याच्या पट्टीत दिसला तर तिथेच थांबवायचा. तुमच्या पट्टीत तो नाही, ठीक आहे.

आता मूळ प्रश्न. सगळे जण पट्टीच्या तळाशी असलेल्या ९१९ वर भांडतात. मी उलट्या बाजूने मोजतो. घरचं वजन २,३३१. प्लास्टिकचा रिकामा कट्टा साधारण १२० ग्रॅमचा, म्हणजे ४२ कट्ट्यांचे ५ किलो. घरून निघालेला खरा मका २,३२६ किलो. पट्टीवर लागला २,२३३. मधले ९३ किलो कुठे गेले? १,७८० च्या भावाने त्याचे १,६५५ रुपये होतात. हमाली, तोलाई, अडत आणि इतर मिळून जेवढं गेलं त्याच्या पावणेदोन पट, आणि हे पट्टीवर कपात म्हणून छापलेलंच नाही. वजनातून निघून गेलं.

सगळं वजा करून हातात उरले ३६,५२८. याला पट्टीच्या २२.३३ ने भागू नका. घरून निघालेल्या २३.२६ क्विंटलने भागा. भाव पडला १,५७०.

म्हणजे क्विंटलमागे २१० रुपये वाटेत गेले. त्यातले ७१ वजनात, ३९-४० पट्टीवरच्या कपातीत, आणि ९९ भाड्यात नि भराईत.

पांझरा
म्हणजे दारातले १,६०० बरे होते म्हणा की!

हिशोबनीस
थांबा. दारातल्या १,६०० ला काटा कुणाचा आणि तूट किती, हे बोरीकाठ यांनी सांगितलेलं नाही. दोन्हीकडचा हिशोब एकाच मापाने करायला पाहिजे.

केळीवाला रावेर
आमच्याकडे तर बाजारात जायचंच काम नाही, तरी कापतात. केळी बागेतच कापली जाते, भाव समितीच्या बोर्डावर एक आणि व्यापारी देतो दुसरा. वर दांड्याची तूट वेगळी. त्यावर कुणी बोलत नाही. केळीच्या दांड्याचं काय करायचं ते सांगा.

बोरीकाठ
दादा, प्रश्न रास्त आहे पण धागा बाजारातल्या कपातीचा आहे. केळीचा वेगळा काढा, मी येतो तिथे.

तोलणार
काट्याच्या बाजूने मी लिहितो, हे काम जवळून माहीत आहे. ९३ किलोत काय काय असेल ते सांगतो, पट्टीवाल्या शेतकऱ्याला विचारून ताडून बघा.

पहिलं बारदान. बहुतेक ठिकाणी कट्ट्यामागे सरसकट १ किलो कापतात. ही पद्धत तागाच्या गोणीच्या काळातली आहे. तेव्हाही ५० किलोची तागाची गोणी अर्ध्या किलोच्या थोडी वरच भरायची, म्हणजे एक किलो तेव्हाही जास्तच होता. आता प्लास्टिकचा कट्टा १००-१३० ग्रॅमचा, पण कापायचा किलो तोच राहिला. ४२ कट्ट्यांवर ४२ किलो कापले, खरं वजन ५. जादा गेले ३७ किलो.

दुसरं किलोखालचं वजन. काट्यावर दोन-दोन कट्टे एकदम ठेवतात. काटा दाखवतो ११०.६, वहीत लिहितात ११०. प्रत्येक तोलाला सरासरी अर्धा किलो गेला. ४२ कट्ट्यांचे २१ तोल, म्हणजे दहा किलो. काटा इलेक्ट्रॉनिक आहे, ग्रॅम दाखवतो, तरी वहीत पूर्ण किलोच. यात तोलणाऱ्याला काही मिळत नाही, पण सवय पडली आहे.

दोन्ही मिळून ४७ झाले. उरलेले ४६ किलो ओलीचे असतील. २,२७९ वर क्विंटलला २ किलो लावले की बरोबर ४६ येतात. मीटर १६ दाखवत होतं का?

बोरीकाठ
तोलणार भाऊ, हो. मीटर १६ दाखवलं आणि क्विंटलला २ किलो ओल कापली. बारदानही कट्ट्याला किलोच. शेतकऱ्याला हे वेगवेगळं कुणी सांगितलं नव्हतं, काटापट्टीच्या मागे पेन्सिलने लिहिलेलं सापडलं.

तोलणार
मग हिशोब जुळला. बारदानावर उपाय सोपा आहे. काट्यावर जायच्या आधी दहा रिकामे कट्टे एकत्र ठेवून वजन करायला लावा. एक किलो दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतील. तोच आकडा काटापट्टीवर लिहून घ्या आणि त्याच हिशोबाने बारदान कापा म्हणा. सर्वांसमोर दहा कट्टे तोलले की नाही म्हणणं अवघड जातं. पण हे तोल सुरू होण्याआधी करायचं. माल ढिगात ओतल्यावर कट्टे गोळा करून वाद घालण्यात अर्थ नाही.

काटा तपासायचा असेल तर २० किलोचं प्रमाणित वजन समितीकडे असतं, मागा. काट्याच्या चारही कोपऱ्यांवर आणि मधे ठेवून बघा. कोपऱ्यावर वेगळा आणि मधे वेगळा आकडा दिसला तर तो काटा वापरू नका म्हणायचं. वैधमापनचा शिक्का दर वर्षी नवा लागतो, त्यावरचं वर्ष बघा. आणि कट्टा ठेवण्याआधी पडद्यावर शून्य आहे का ते प्रत्येक वेळी बघायचं. काट्यावर धूळ-दाणे साचतात, ते झाडून शून्य करावं लागतं.

सातपुडा
भुईकाट्यावर ट्रॉली भरून आणि रिकामी तोलली तर हे बारदान-किलोखालचं सगळं झंझट मिटतं ना?

तोलणार
काही मिटतं, काही नवं येतं. भुईकाट्याचा टप्पा ५ किंवा १० किलोचा असतो. वीस-बावीस क्विंटलच्या मालाला तेवढा फरक चालून जातो. पण भरताना ड्रायव्हर ट्रॅक्टरवर बसलेला, रिकामी करताना उतरलेला, असं झालं की ७० किलोचा घोळ. डिझेल भरून आणलं, पाऊस पडून ट्रॉलीच्या फळ्या भिजल्या, हेही बघावं. घरून निघताना भुईकाट्याची पावती घेतली तर तिचा खरा उपयोग ताडून बघायला होतो. बाजारातल्या काट्याशी एक टक्क्याहून जास्त फरक आला की कुठेतरी चूक आहे, हे लगेच कळतं.

सुनंदाताई चोपडा
ओलीबद्दल मला लिहायचं आहे, कारण इथे शेतकरी सगळ्यात जास्त गोंधळतो.

मक्याचा करार १४ टक्के ओलीवर धरतात. १६ टक्के ओलीचा एक क्विंटल मका वाळवून १४ वर आणला तर तो ९७ किलो ६७० ग्रॅम भरतो. म्हणजे सव्वादोन किलोहून थोडं जास्त पाणीच उडून जातं. त्यामुळे क्विंटलला २ किलो कापले यात, तेवढंच बघितलं तर, अन्याय नाही. उलट किंचित कमीच कापले.

अन्याय दुसरीकडे आहे. लिलावात बोली लावणारा मूठभर मका हातात घेतो, दाताखाली धरतो, ओल ओळखतो आणि तिथेच भाव खाली लावतो. त्या दिवशी वाळलेल्या मक्याला काय भाव निघाला होता?

बोरीकाठ
ताई, शेजारच्या ढिगाला १,८६०.

सुनंदाताई चोपडा
म्हणजे ओलीची किंमत दोनदा वसूल झाली. एकदा भावात ८० रुपये, एकदा वजनात २ किलो. यातलं एकच घ्यायचं असतं. बोली ओला माल बघून लागली असेल तर वजनात ओल कापायची नाही. आणि वजनात कापायची असेल तर बोली वाळलेल्या मालाची लागायला हवी.

कापसाला सीसीआय काय करतं ते बघा. ८ टक्के ओलीपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत प्रत्येक टक्क्याला भावात एक टक्का कमी. वजनाला हात लावत नाहीत. पद्धत स्पष्ट आहे, आधी माहीत असते.

आता वाळवून नेण्याचा हिशोब. हाच मका १६ वरून १४ वर आणला असता तर २३.२६ चे २२.७२ क्विंटल झाले असते. १,८६० ने ४२,२५९ रुपये. ओलाच विकला, २ किलो ओल कापून, तर २२.८० क्विंटल १,७८० ने ४०,५८४. फरक १,६७५ चा. ताडपत्रीवर पसरवणं, दोन दिवस दिवसातून चार-पाच वेळा हलवणं, संध्याकाळी ढीग करून झाकणं, परत भरणं, याला मजुरी ६००-७०० धरली तरी हजार रुपये शिल्लक. ऊन नसेल, आभाळ भरलेलं असेल, तर मात्र हे करू नका, झाकलेल्या ढिगात गरमी धरून बुरशी येते आणि मग भाव आणखी पडतो.

आडतगल्ली
मी व्यापारी बाजूचा. ताईंचा हिशोब व्यवस्थित आहे पण १,८६० आणि १,७८० मधला सगळा फरक ओलीचा होता हे कशावरून? शेजारचा ढीग टपोरा, एका रंगाचा, चाळलेला असेल. या मालात फुटका दाणा, काळा दाणा, कणसाचा भुसा किती होता? मळणी यंत्राचा वेग जास्त ठेवला की दाणा फुटतो, आणि फुटका दाणा आमच्याकडून पुढे कोंबडी खाद्यवाला किंवा स्टार्च कारखाना कापून घेतो. कारखान्याच्या गेटवर आमचीही गाडी मीटर लावून तपासतात आणि तिथे १४ च्या वर एक टक्का निघाला तरी आमची कपात होते. ती जोखीम आम्ही बोलीत धरतो.

सुनंदाताई चोपडा
जोखीम धरा, हक्क आहे तुमचा. पण बोलीत धरली तर काट्यावर परत धरू नका, एवढंच म्हणणं आहे.

आडतगल्ली
लिलावात मीटर लावायला वेळ नसतो. पन्नास ढीग दोन तासांत फिरायचे असतात. अंदाजाने बोली लागते आणि मीटर नंतर. मी एवढं मान्य करतो की मीटर बोलीच्या आधी लागला तर दोघांचाही वाद वाचेल.

हिशोबनीस
आडतगल्ली, हे तुम्ही उघड लिहिलंत हे चांगलं केलंत. फुटक्या दाण्याचा मुद्दाही खरा आहे. ८० पैकी किती ओलीचे आणि किती फुटक्याचे, हे या पट्टीवरून कळणार नाही. त्यामुळे ताईंचे हजार रुपये वरची मर्यादा समजा.

सातपुडा
मीटरवर विश्वास किती ठेवायचा? एकाच पोत्याला दोन मीटर दोन आकडे दाखवतात.

सुनंदाताई चोपडा
मीटरवर पिकाचं नाव निवडावं लागतं. सोयाबीनवर ठेवलेल्या मीटरमध्ये मका टाकला तर आकडा चुकणारच, म्हणून पडदा आपण स्वतः बघायचा. उन्हात तापलेल्या ट्रॉलीच्या वरच्या थरातला मका सरळ मीटरमध्ये टाकला तरी आकडा हलतो. नमुना चार-पाच कट्ट्यांच्या पोटातून परखीने काढायचा, एकत्र मिसळायचा, थोडा वेळ सावलीत बंद पिशवीत ठेवायचा, आणि तीनदा मोजून सरासरी घ्यायची. तीन आकड्यांत अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक आला तर नमुनाच नीट मिसळलेला नाही.

घरी मीटर नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत पाव भाग मका आणि मूठभर कोरडं मीठ टाकून हलवा, पंधरा मिनिटांनी बघा. मीठ काचेला चिकटलं तर ओल साधारण १५ च्या वर आहे, बाजारात नेऊ नका. चिकटलं नाही तर जवळपास वाळलाय. पावसाळी हवेत मीठ आधीच ओलं असतं, ते तव्यावर गरम करून गार केलेलं घ्यायचं.

अनेरकाठ
आमना गावमा बी असंच चालस भो. मीटर त्यास्ना, काटा त्यास्ना, आकडा त्यास्ना. मीठनी बाटली मात्र आपली शे, ते बेस सांगं ताई.

गिरणाकाठ
हमालीचं काय? ४२ कट्ट्यांचे ३७८, म्हणजे कट्ट्याला ९ रुपये. कट्टा उतरवायचे ९ रुपये?

तोलणार
नुसता उतरवायचे नाहीत. ट्रॉलीतून उतरवणं, ढीग लावणं, काट्यावर ठेवणं, काढणं, परत भरून शिवणं, गाडीत चढवणं. यातली उतराई आणि काट्यापर्यंतचं काम शेतकऱ्याकडे, पुढची भराई, शिवणी, चढाई खरेदीदाराकडे. पट्टीवर एकच शब्द ‘हमाली’ लिहितात, त्यात दोन्हीकडचं मिसळलं तर कुणाला कळणार? ९ रुपयांत शेतकऱ्याच्या वाट्याचं काम किती, हे दरफलकाशी ताडा. हमालाचे दर माथाडी मंडळाच्या करारातून येतात, १९६९ च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे, आणि ५०-५५ किलो पाठीवर घेणाऱ्याच्या दोन रुपयांवर चिडू नका. खरेदीदाराच्या वाट्याची हमाली शेतकऱ्याच्या पट्टीत घुसते का, एवढंच बघा.

बोरीकाठ
फलक पाहून आलो. शेतकऱ्याची हमाली कट्ट्याला ६.५० आहे. म्हणजे १०५ रुपये जास्त कापले. अडत फलकावर ‘खरेदीदार’ असं लिहिलेलं नाही, ‘विक्रेता’ असंही लिहिलेलं नाही. नुसता टक्का लिहिलाय.

गिरणाकाठ
बघा, म्हणजे माझंच बरोबर.

हिशोबनीस
तसंही नाही. फलक अपुरा आहे, एवढंच ठरलं. उपविधीची प्रत सचिवांकडे लेखी मागा, त्यात स्पष्ट असेल. तोपर्यंत ३९७ चा निर्णय लागत नाही. पण १०५ आणि ६० या दोन्हींचा अर्ज आजच करता येतो.

पांझरा
अर्ज कुणाकडे? आणि पट्टी होऊन आठवडा झाला असेल तर?

हिशोबनीस
हमाली आणि ‘इतर’ पट्टीवर छापलेलं आहे, त्यामुळे त्याला आठवडा काय, नंतरही चालेल. सचिवांना अर्ज, पट्टीची प्रत, फलकाचा फोटो. पोच घ्यायची. तिथे झालं नाही तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था.

वजनाचं मात्र त्याच वेळी. फेरतोल मागायचा तर माल दुसऱ्या ढिगात मिसळण्याआधी, आवारातून गाडी निघण्याआधी. एकदा मिसळला की घरच्या काट्याची पावती दाखवूनही काही सिद्ध होत नाही.

सातपुडा
एक राहिलं. पैसे रोख घेतले का? रोखीचा वटाव कापतात. दीड-दोन टक्के. नाहीतर पंधरा दिवसांनी ये म्हणतात.

बोरीकाठ
या पट्टीत नाही, त्याच दिवशी बँकेत जमा झाले.

हिशोबनीस
ते महत्त्वाचं आहे. मालाचे पैसे त्याच दिवशी देणं हा नियम आहे, त्यासाठी वटाव घेणं बेकायदा. ३८,८२८ वर दीड टक्का म्हणजे ५८२, क्विंटलला २५ रुपये गेले असते. आणि ज्याने अडत्याकडून पेरणीला उचल घेतली आहे त्याचं वेगळंच. त्याला भाव पटला नाही तरी ‘सौदा नामंजूर’ म्हणता येत नाही, कारण पुढच्या हंगामाची उचल अडते. कायद्याने नाही म्हणता येतं, व्यवहारात नाही.

पांझरा
नाही म्हणता येतं ते ठीक, पण परत नेण्याचं भाडं? ट्रॅक्टरवाला थांबवून ठेवला तर खोटीचे पैसे वेगळे मागतो. म्हणून लोक पडेल त्या भावात देतात.

सातपुडा
भाड्यावर कुणीच बोललं नाही. २१० पैकी सर्वात मोठा वाटा तोच आहे. ट्रॅक्टरवाला खेपेवर पैसे घेतो, क्विंटलवर नाही. ४२ कट्टे नेले काय आणि ८० नेले काय, १,९०० च. शेजाऱ्याचे ४० कट्टे त्याच ट्रॉलीत चढले असते तर भाडं निम्मं, ९५० वाचले असते, क्विंटलला ४० रुपये. एकत्र नेताना कट्ट्यांना दोन रंगांच्या सुतळीचे टाके घाला, नाहीतर ढीग लावताना माल मिसळतो. आणि दोघांचा सौदा, काटापट्टी वेगळी ठेवा.

फक्त गर्दीच्या दिवशी नेऊ नका. दिवाळीनंतर मका एकदम येतो तेव्हा ट्रॉली रात्रभर रांगेत उभी राहते, तेव्हा दोघांनी वाटलेलं भाडंही खोटीत जातं.

आडतगल्ली
गर्दीत भावही पडतो, तेही खरं. ज्याला थांबता येतं त्याने पणन मंडळाच्या तारण योजनेत माल ठेवावा. ७५ टक्के रक्कम मिळते, ६ टक्के व्याजाने, १८० दिवसांसाठी. मक्याला लागू आहे. पण तुमच्या समितीने ती योजना चालवली पाहिजे आणि गोदामात जागा पाहिजे. आणि ओला मका तिथेही घेत नाहीत.

बोरीकाठ
आता पहिल्या प्रश्नाकडे. दारातल्या १,६०० ची माहिती काढली. काटा खेडा खरेदीवाल्याचा. ओल क्विंटलला २ किलो आणि वर ‘कडता’ म्हणून १ किलो. बारदान तो आपलंच आणतो, ते बरोबर कापतो.

हिशोबनीस
मग १,६०० चे ९७ टक्के, म्हणजे १,५५२. बाजाराचे १,५७०. क्विंटलमागे १८ रुपयांचा फरक, सगळ्या मालावर ४२० रुपये. काट्यावर वीस-पंचवीस किलोचा फरक निघाला तरी तो पुसला जातो, मग तो कुठल्याही बाजूचा असो. म्हणजे या पट्टीपुरतं बरोबरीत सुटलं.

पण बाजाराच्या बाजूला सुधारायला जागा आहे, दारात ती नाही. बारदान खऱ्या वजनाने कापलं तर ३७ किलोचे ६५९ वाचतात, क्विंटलला २८. भाडं वाटून घेतलं तर ४०. हमाली फलकाप्रमाणे आणि ‘इतर’ बाद झालं तर ७. तिन्ही मिळून १,५७० चे १,६४५ होतात, आणि यात ना भाव वाढला, ना मका वाळवला.

अनेरकाठ
आणि दारवरला व्यापारीले सांगानं, ‘कडता’ काय शे ते लिखीसन दे. नाव सांगता येत नही त्याले.

आडतगल्ली
कडता म्हणजे नमुना, सांडलवंड, माती यांची तूट. पूर्वीपासून आहे.

तोलणार
सांडलेलं झाडून कट्ट्यात भरतात, नमुन्याचा मकाही ढिगातच जातो. माती असेल तर चाळून दाखवा आणि निघेल तेवढीच कापा.

केळीवाला रावेर
तेच म्हणतो मी. दांड्याची तूट पण अशीच, मोजून कुणी बघत नाही. फण्या करून क्रेटमध्ये भरली तर दांडा शेतातच राहतो, तरी तूट कापणारे आहेत. धागा काढतो.

बोरीकाठ
पुढची खेप ठरली आहे. शेजाऱ्याचे ३८ कट्टे बरोबर घेतो. मिठाची बाटली आज करून बघितली, मीठ चिकटलं, म्हणून दोन दिवस ऊन देऊन मगच. उपविधीची प्रत मागायला अर्ज दिला, पोच घेतली. अडतीचं उत्तर आलं की इथे टाकतो.

गिरणाकाठ
रिकामे दहा कट्टे तोलल्याचा फोटो पण टाका. आकडा दिसेल असा.